‘५००+ क्लायंट’ ऐवजी अकरा जणांची चाचणी: ठाण्यातल्या एका योगशिक्षिकेच्या प्रोफाइलची फेरमांडणी

या प्रकरणातली शिक्षिका म्हणजे कोणी एक व्यक्ती नाही. जिमकडे आणि खासगी क्लायंटकडे जाणाऱ्या योगशिक्षकांच्या अर्जांत ज्या चुका नेहमी आढळतात, त्या एकत्र आणून हे प्रकरण रचलं आहे, आणि तिच्या बॅचचे आकडेही नमुन्याचे आहेत. प्रमाणपत्रं, नोंदणी, कायदा आणि चाचण्या यांबद्दल जे लिहिलं आहे ते मात्र जसं आहे तसं.

शिक्षिकेचं वय ३४, शिकवण्याचा अनुभव सहा वर्षं. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये सकाळची एक बॅच, संध्याकाळी एक ऑनलाइन बॅच आणि तीन घरगुती क्लायंट एवढं तिचं काम. तिला एखाद्या चांगल्या जिममध्ये सकाळचे स्लॉट हवे होते आणि घरगुती क्लायंट वाढवायचे होते. तिने दोन पानांची पीडीएफ चार जिमना व्हॉट्सॲपवर पाठवली. एकाकडून ‘कळवतो’ एवढंच उत्तर आलं, बाकी तिघांकडून तेही नाही. त्याच सुमारास अमेरिकेत राहणाऱ्या एका मुलीने ठाण्यातल्या आपल्या वडिलांसाठी तिच्याकडे चौकशी केली. वडील ६१ वर्षांचे, रक्तदाबाची गोळी चालू, उजवा गुडघा दुखरा. मुलीने तीन प्रश्न विचारले, उत्तरं वाचली आणि पुढे काहीच कळवलं नाही.

शिकवण्यात ही बाई कमी नव्हती. अडचण त्या दोन पानांत होती.

काय लिहिलं होतं

पहिल्या पानावर सूर्यास्ताच्या पार्श्वभूमीवर नटराजासन, आणि खाली: ‘आंतरराष्ट्रीय प्रमाणित योग तज्ज्ञ व योग थेरपिस्ट. ५००+ क्लायंट. मधुमेह, थायरॉइड, पीसीओएस मुळापासून बरे. ३ महिन्यांत १० किलोपर्यंत वजन कमी. प्रसूतिपूर्व योग तज्ज्ञ.’ दुसऱ्या पानावर सहा प्रमाणपत्रांचे बारीक फोटो, चार व्हॉट्सॲप स्क्रीनशॉट (दोघांचे मोबाइल नंबर स्पष्ट दिसणारे) आणि वर्गांची यादी: हठ, विन्यास, पॉवर योगा, थेरपी योगा, किड्स योगा, फेस योगा, चेअर योगा.

जिमचा मॅनेजर हे पान मोबाइलवर, दोन सदस्यांच्या तक्रारींच्या मधे, मिनिटभर बघतो. त्याच्या मनात तीनच शंका असतात. ही वेळेवर येईल का, हिच्या वर्गात कोणाला इजा होईल का, आणि महिनाभराने वर्गात माणसं उरतील का. या पानावर तिन्हींपैकी एकाचंही उत्तर नाही. उलट ‘मुळापासून बरे’ वाचून दुसरी शंका वाढते, कारण जो शिक्षक आजार बरा करण्याचं लिहून देतो तो आपल्या सदस्याला ‘गोळी बंद करा’ असंही सांगेल, ही भीती अनुभवी मॅनेजरला असतेच.

प्रमाणपत्रं: कोणी दिलं, कशासाठी दिलं, आज चालू आहे का

सहा प्रमाणपत्रं समोर ठेवून प्रत्येकाला हे तीन प्रश्न विचारले, तेव्हा चित्र असं निघालं.

पहिलं, आयुष मंत्रालयाच्या योग प्रमाणन मंडळाचं, म्हणजे वायसीबीचं, ‘योग वेलनेस इन्स्ट्रक्टर’. मंडळ लेखी आणि प्रात्यक्षिक परीक्षा घेऊन स्तरांनुसार प्रमाणपत्र देतं. ‘वेलनेस इन्स्ट्रक्टर’ हा ‘योग प्रोटोकॉल इन्स्ट्रक्टर’च्या वरचा स्तर. तिच्याकडचं हे सगळ्यात भक्कम प्रमाणपत्र. शिकवणारी संस्था आणि परीक्षा घेणारं मंडळ इथे वेगळे असतात, आणि प्रमाणपत्र क्रमांकावरून मंडळाकडे खात्री करून घेता येते. पण जुन्या पीडीएफमध्ये ते चौथ्या क्रमांकावर, एका कोपऱ्यात होतं. वर झळकत होतं ते ‘आंतरराष्ट्रीय’.

त्या ‘आंतरराष्ट्रीय’मागे होता ऋषिकेशच्या एका शाळेतला २०० तासांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतर केलेली अमेरिकेतल्या योगा अलायन्सची आरवायटी २०० ही नोंदणी. इथे बहुतेक शिक्षक घोटाळा करतात. योगा अलायन्स शाळांची आणि शिक्षकांची नोंदणी ठेवते, शिक्षकाची परीक्षा घेऊन त्याला प्रमाणित करत नाही. प्रमाणपत्र शाळेचं असतं. त्यात ही नोंदणी दरवर्षी शुल्क भरून चालू ठेवावी लागते, आणि तिने दोन वर्षं शुल्क भरलंच नव्हतं. अलायन्सची शिक्षकसूची कोणालाही बघता येते. अमेरिकेतल्या मुलीने नाव शोधलं असणार आणि ते सापडलं नसणार. चुकीच्या हेतूने काहीच केलं नव्हतं, तरी बाहेरून बघणाऱ्याला ते खोटंच दिसतं.

‘योग थेरपिस्ट’ हा शब्द २० तासांच्या ऑनलाइन कोर्सवर उभा होता, ‘प्रसूतिपूर्व योग तज्ज्ञ’ हा दोन दिवसांच्या कार्यशाळेवर. वायसीबीच्याच रचनेत थेरपीची वाट वेगळी आहे: सहायक योग थेरपिस्ट, योग थेरपिस्ट असे स्वतंत्र स्तर. वेलनेस इन्स्ट्रक्टरचं प्रमाणपत्र असलेल्याने स्वतःला थेरपिस्ट म्हणवणं म्हणजे आपल्याच मुख्य प्रमाणपत्राला छेद देणं. हे दोन्ही शब्द काढले. कार्यशाळा मात्र ठेवली, ‘प्रसूतिपूर्व योग, १२ तासांची कार्यशाळा’ अशी तासांसकट. बारा तास लिहायला संकोच वाटत असेल, तर त्या भरवशावर ‘तज्ज्ञ’ लिहायला त्याहून जास्त वाटायला हवा.

पाचवं प्रथमोपचार आणि सीपीआरचं कार्ड, मुदत संपलेलं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या हार्टसेव्हर कोर्सचं कार्ड दोन वर्षं चालतं, तिचं त्यावर चार महिने उलटले होते. जिमच्या दृष्टीने हे सहावं-सातवं प्रमाणपत्र मिळवण्यापेक्षा महत्त्वाचं आहे, म्हणून आधी ते नव्याने करून घेतलं आणि मगच प्रोफाइल पुढे सरकवलं. सहावं प्रमाणपत्र एका योगदिनाच्या कार्यक्रमात सहभागाचं होतं. ते वगळलं.

संस्थेच्या नावाबद्दल एक गोष्ट इथे सांगायला हवी, कारण महाराष्ट्रात ती फार चालते. ‘कैवल्यधामला शिकले’ किंवा ‘सांताक्रूझच्या योगा इन्स्टिट्यूटची विद्यार्थिनी’ एवढं सांगून भागत नाही. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४ चं, योगा इन्स्टिट्यूट १९१८ ची. दोन्हीकडे काही दिवसांच्या शिबिरांपासून लांबलचक शिक्षक-अभ्यासक्रमांपर्यंत सगळं चालतं. नाव मोठं असलं की वाचणारा मोठा अभ्यासक्रम गृहीत धरतो, आणि मुलाखतीत ‘सात दिवसांचं शिबिर’ निघालं की बाकी सगळ्यावरचा विश्वास उडतो. अभ्यासक्रमाचं पूर्ण नाव, तास, वर्ष आणि प्रत्यक्ष की ऑनलाइन, हे चार तुकडे एकत्रच लिहावेत.

फिटनेस ट्रेनरच्या बाबतीत हेच वेगळ्या रूपात दिसतं. एसीई, एनएएसएम या अमेरिकन संस्थांची ट्रेनर-प्रमाणपत्रं दोन वर्षांची असतात. पुढचं शिक्षण पूर्ण करून ती नव्याने घ्यावी लागतात. ‘एसीई सर्टिफाइड’ लिहिणाऱ्यांत मुदत संपलेले असतात, आणि परीक्षा न देता फक्त एखाद्या अकादमीचा तयारीचा कोर्स केलेलेही असतात. तयारीचा कोर्स केला असेल तर तसंच लिहावं. परीक्षा दिलेली नाही, हे मॅनेजर दोन मिनिटांत शोधून काढू शकतो.

नव्या प्रोफाइलवर प्रमाणपत्रांच्या शेवटी चारच ओळी उरल्या:

वायसीबी, योग वेलनेस इन्स्ट्रक्टर, वर्ष, प्रमाणपत्र क्रमांक.
योगशिक्षक प्रशिक्षण, २०० तास, प्रत्यक्ष निवासी, शाळेचं नाव, वर्ष.
सीपीआर व प्रथमोपचार, मुदत अमुक महिन्यापर्यंत.
इतर शिक्षण: प्रसूतिपूर्व योग कार्यशाळा १२ तास, योग थेरपी परिचय, ऑनलाइन, २० तास.

फोटो एकही नाही. मूळ प्रमाणपत्रं एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवली आणि मागितली तरच लिंक द्यायची असं ठरवलं, कारण प्रमाणपत्रांवर जन्मतारखेसारखे तपशील असतात आणि फॉरवर्ड झालेली पीडीएफ परत घेता येत नाही.

पाचशे आले कुठून

आकडा खोटा नव्हता, मोजणी चुकीची होती. हजेरीच्या वह्या आणि ऑनलाइन बॅचच्या फीच्या नोंदी काढल्या. सगळ्यात मोठा गठ्ठा निघाला २१ जूनचा: एका शाळेत आंतरराष्ट्रीय योगदिनी घेतलेलं सत्र, सुमारे ३०० मुलं. सोसायट्यांमधली मोफत सत्रं धरून आणखी शंभरेक. किमान तीन महिने सलग फी भरून आलेली माणसं होती ७१, आणि त्यांतली २३ वर्षभराहून अधिक टिकलेली.

पहिल्यांदा ७१ हा आकडा तिला लहान वाटला. जिमच्या मॅनेजरला तो मोठा वाटतो, कारण त्याच्या तिसऱ्या शंकेचं ते उत्तर आहे. ‘७१ जण किमान तीन महिने, त्यांपैकी २३ जण एक वर्षाहून जास्त’ या ओळीत त्याला वर्ग टिकवणारी शिक्षिका दिसते. पाचशे या आकड्यात त्याला काहीच दिसत नाही, तो सगळ्यांच्याच प्रोफाइलवर असतो.

‘मुळापासून बरे’ ही ओळ तर विनाचर्चा गेली. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण १० लाख रुपयांपर्यंत दंड करू शकतं, आणि जाहिरात सेवेची असली तरी कायदा लागू होतो. पण कायद्याच्याही आधीचं कारण असं की तिच्याकडे त्या दाव्याचा एकही कागद नव्हता. एका ताईंची साखर कमी झाली होती खरी, पण त्याच तीन महिन्यांत त्यांची औषधं बदलली होती आणि रात्रीचा भातही बंद झाला होता. त्यातला योगाचा वाटा किती हे कोणीच सांगू शकत नाही.

आधी-नंतरचे फोटोही काढले. उजेड, श्वास आत की बाहेर, पोट सैल की आवळलेलं, कपडे, कॅमेऱ्याची उंची या पाच गोष्टी बदलल्या की एकाच दिवशी ‘आधी’ आणि ‘नंतर’ दोन्ही काढता येतात. हे आता क्लायंटनाही ठाऊक आहे. वजनाचं तसंच: पाणी, मीठ, आदल्या रात्रीचं जेवण यांनी एक-दोन किलो सहज वरखाली होतात, त्यामुळे दोन वेगवेगळ्या वेळी केलेल्या दोन वजनांतला फरक म्हणजे परिणाम नव्हे.

मग दाखवायचं काय? एक बॅच नीट मोजली

हातात मोजमाप नव्हतं, म्हणून पुढच्या १२ आठवड्यांत एक बॅच मोजायचं ठरलं. क्लबहाउसची सकाळची बॅच, आठवड्यातून तीन दिवस, एकूण ३६ वर्ग. नाव नोंदवलेले १६ जण, वय ४२ ते ६८.

काय मोजायचं यावर बराच विचार झाला. रक्तदाब मोजायचा मोह होता, पण बॅचमधले चार जण गोळ्या घेणारे, डॉक्टर मधेच डोस बदलणार, आणि मोजण्यापूर्वी पाच मिनिटं शांत बसवून, पाठ टेकून, दंड हृदयाच्या पातळीवर ठेवून दोनदा वाचन घेणं वर्गाच्या गडबडीत जमणार नव्हतं. तेव्हा रक्तदाब सुरक्षिततेसाठी नोंदवायचा, परिणाम म्हणून मिरवायचा नाही असं ठरलं. वायरलेस वजनकाट्यावरची चरबीची टक्केवारीही सोडली, ती अंगातल्या पाण्याप्रमाणे हलते. उरली एक साधी चाचणी: ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा पूर्ण उभं राहता येतं. पायांच्या ताकदीची ही चाचणी वृद्धांच्या तपासणीत सर्रास वापरली जाते, साधन काहीच लागत नाही, आणि ‘खुर्चीतून उठणं’ हे कोणालाही समजतं.

साधी असली तरी ती बिघडते, आणि बिघडते ती बहुतेकदा खुर्चीमुळे. बैठक जमिनीपासून सुमारे ४३ सेंमी हवी, हात नसलेली, मागे भिंतीला टेकवलेली. क्लबहाउसच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्यांची उंची सारखी नव्हती आणि काहींची बैठक वजनाने दबत होती, म्हणून एकच लाकडी खुर्ची निवडून तिच्याखाली खूण केली आणि १२ आठवड्यांनी तीच वापरली. हात छातीवर आडवे, पावलं जमिनीवर, पूर्ण उभं राहून पूर्ण बसायचं. हात टेकून उठलं तर ते मोजायचं नाही.

दुसरी गडबड सरावाची. पहिल्यांदा चाचणी देणारा अडखळतो, दुसऱ्यांदा युक्ती कळते आणि आकडा आपोआप वाढतो. म्हणून पहिल्या दिवशी प्रत्येकाला दोन-तीन वेळा उठून-बसून दाखवायला लावलं, विश्रांती दिली आणि मग मोजलं. दोन्ही वेळा वेळ सकाळी सातची, वर्गाच्या आधी, आणि मोजणारी व्यक्ती शिक्षिका नाही. बॅचमधल्या एका निवृत्त शिक्षकांनी स्टॉपवॉच धरलं. शिक्षिकेने स्वतः मोजलं की अर्धवट उठणंही नकळत पूर्ण धरलं जातं.

शेवटच्या चाचणीला ११ जण होते. निकाल असे:

आधी: ८, ९, १०, १०, ११, १२, १२, १३, १३, १४, १६
नंतर, त्याच क्रमाने: ११, १२, ११, १३, १४, १५, १२, १६, १५, १७, १६

मधला आकडा १२ वरून १४ वर गेला. नऊ जणांचा आकडा वाढला असं म्हणता येतं, पण फक्त एका आकड्याची वाढ ही एका सकाळपासून दुसऱ्या सकाळपर्यंतच्या नेहमीच्या चढउतारातही होते. म्हणून किमान दोनने वाढलेलेच मोजले: ८. उरलेल्या तिघांत एक एकने वर, दोघे जिथल्या तिथे. त्या दोघांतले एक सुरुवातीलाच १६ वर होते.

आणि जे पाच जण शेवटच्या चाचणीला नव्हते? दोघांची कामाची शिफ्ट बदलली, एक गाव सोडून गेले, एकीने गुडघा दुखतो म्हणून बंद केलं, एकाने कारण सांगितलं नाही. यांना न लिहिता ‘११ पैकी ८’ एवढंच लिहिलं असतं, तर वर्ग सोडून गेलेले लपले असते, आणि ज्यांना फायदा होत नाही तेच बहुधा सोडून जातात. म्हणून प्रोफाइलवर ओळ अशी गेली:

‘४२ ते ६८ वयाची बॅच, १२ आठवडे, आठवड्यातून ३ वर्ग. १६ जणांनी सुरुवात केली, ११ जणांची शेवटची चाचणी झाली. ३० सेकंदांत खुर्चीवरून उठण्याची संख्या: मधला आकडा १२ वरून १४, ११ पैकी ८ जणांत किमान दोनची वाढ. ५ जणांनी बॅच सोडली, त्यांपैकी एकीने गुडघेदुखीमुळे. तुलनेसाठी दुसरा गट नव्हता.’

शेवटचं वाक्य घालावं की नाही यावर तिचा आग्रह होता की त्याने दावा दुबळा होतो. होतोच, आणि तो तेवढाच दुबळा आहे. या ११ जणांनी त्याच काळात चालणंही वाढवलं असेल. गुडघेदुखीच्या ओळीचा फायदा तर पुढे जिमच्या मुलाखतीत झाला. मॅनेजरने पहिला प्रश्न त्यावरच विचारला, आणि तिच्याकडे खरं उत्तर होतं: त्या बाईंना दुसऱ्या आठवड्यात वज्रासनात जास्त वेळ बसवलं गेलं, त्यानंतर पहिल्या दिवशीच्या प्रश्नावलीत गुडघ्याचा प्रश्न वेगळा काढला आणि वज्रासनाला खुर्चीचा पर्याय ठेवला.

जिमसाठी वर्गाचा कागद

सात प्रकारच्या वर्गांची यादी मॅनेजरला उपयोगाची नसते. त्याच्याकडे एक खोली आणि एक रिकामा स्लॉट असतो. म्हणून सातांचे दोन वर्ग केले आणि प्रत्येकाचा अर्ध्या पानाचा कागद केला. ‘फेस योगा’ आणि ‘थेरपी योगा’ गेले. ‘पॉवर योगा’ हे नावही गेलं, कारण प्रत्येक जिममध्ये त्याचा अर्थ वेगळा आणि त्या नावाने आलेल्या माणसाला घाम न आल्यास तो नाराज होतो.

पहिल्या वर्गाचं नाव ‘सकाळचा हठयोग, सर्वांसाठी’, वेळ ६० मिनिटं. त्याची वाटणी: ५ मिनिटं आगमन आणि दुखण्यांची चौकशी, ८ मिनिटं सांध्यांच्या हालचाली, १२ मिनिटं सूर्यनमस्कार संथ गतीने, २० मिनिटं उभी व बैठी आसनं, ७ मिनिटं प्राणायाम, ८ मिनिटं शवासन. पुढे ‘कोणासाठी बदल’: रक्तदाब असलेल्यांना कपालभाती, भस्त्रिका, श्वास रोखून धरणं आणि उलटी आसनं नाहीत, गुडघेदुखी असलेल्यांना वज्रासन आणि मलासनाऐवजी खुर्ची, गरोदर सदस्यांना या वर्गात प्रवेश नाही, आधी बोलावं. हा ‘प्रवेश नाही’ मॅनेजरला आवडतो. कोणाला घ्यायचं नाही हे ठरवलेला शिक्षक सुरक्षित असतो.

जागेचं गणित तिने आधी कधी केलंच नव्हतं. ज्या जिमने नंतर बोलावलं त्यांची खोली २० बाय २५ फूट, म्हणजे ५०० चौरस फूट. शिक्षिकेची जागा, दार आणि चपलांचा कोपरा यांचे १०० चौरस फूट वजा केले. मॅट सहसा दोन फूट रुंद आणि पावणेसहा ते सहा फूट लांब असते, पण हात बाजूला पसरायचे तर माणशी चार बाय सात फूट, म्हणजे २८ चौरस फूट लागतात. ४०० भागिले २८, म्हणजे १४. जुन्या पीडीएफमध्ये ‘३० पर्यंत सदस्य’ लिहिलं होतं. तीस माणसं त्या खोलीत बसली असती, पण हात पसरता आले नसते आणि मागच्या रांगेकडे बघणंही झालं नसतं.

त्या खोलीची दुसरी अडचण भिंतीपलीकडच्या वजनांची. शवासनात डंबेल आपटल्याचा आवाज येतो. त्यावर तिने कागदावरच लिहिलं: शवासन ८ ऐवजी ५ मिनिटं आणि वाचलेली ३ मिनिटं सांध्यांच्या हालचालींना, किंवा स्लॉट सातऐवजी सहाचा, जेव्हा वजनांकडे गर्दी कमी असते. जागा बघून आलेला शिक्षक आणि सगळ्यांना एकच पीडीएफ पाठवणारा शिक्षक यांच्यातला फरक अशा एका ओळीत कळतो.

घरगुती क्लायंटसाठी वेगळं पान

अमेरिकेतल्या मुलीला खोलीच्या मापाशी देणंघेणं नव्हतं. तिला हवं होतं: आईबाबांच्या घरी येणारी बाई कोण, पहिल्या दिवशी काय करणार, बाबांना काही झालं तर काय. नव्या पानावर प्रमाणपत्रांच्या चार ओळी तशाच राहिल्या, पण सगळ्यात वर आली पहिल्या भेटीची माहिती. ७५ मिनिटं, पहिली ३० फक्त बोलण्याची आणि प्रश्नावलीची, त्यासाठी व्यायामापूर्वी भरायची पार-क्यू प्लस ही प्रचलित प्रश्नावली, चालू औषधांची यादी, रक्तदाबाचं वाचन, मग ३० मिनिटं हलका सराव आणि १५ मिनिटं पुढच्या महिन्याची आखणी. प्रश्नावलीत काही ‘हो’ आलं आणि पुढच्या प्रश्नांतही ते मिटलं नाही, तर डॉक्टरांची चिठ्ठी आल्यावरच सुरुवात.

जुन्या क्लायंटचे स्क्रीनशॉट काढून टाकले. त्यांच्या जागी दोन व्यक्तींनी लेखी होकार दिला की चौकशी करणाऱ्याने त्यांना फोन करावा, कोणत्या वेळेत करावा हेही त्यांनीच सांगितलं, आणि नंबर पानावर न छापता मागितल्यावर द्यायचा. दुसऱ्याचा नंबर उघडा दाखवणारा शिक्षक उद्या आपल्या बाबांचे रिपोर्टही दाखवेल, हे चौकशी करणाऱ्याच्या मनात येतंच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा रोखही संमतीवरच आहे.

महिन्याभराने तिने नवं पान पाठवलं तेव्हा मुलीने व्हिडिओ कॉल लावला. वडीलही बसले होते.

“मॅडम, योगाने माझं बीपी जाईल का हो?”

“काका, ते मी सांगू शकत नाही. कोणाचं थोडं उतरतं, कोणाचं नाही. गोळीचं काय करायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. मी दर आठवड्याला वाचन लिहून ठेवीन, ती वही तुम्ही त्यांना दाखवा. माझं काम आहे तुमचा गुडघा न दुखवता तुम्हाला जमिनीवर बसून परत उठता येणं.”

“तेच तर होत नाही आता. देवासमोर बसलो की उठवायला कोणीतरी लागतं.”

पहिलं ध्येय तिथेच ठरलं आणि लिहून घेतलं गेलं: आधार न घेता जमिनीवरून उठणं, तीन महिन्यांची मुदत, सुरुवातीला दोन खुर्च्यांच्या आधाराने. मुलीने फी आणि रद्द करण्याचे नियम विचारले, तेही पानावर होते: सहा तास आधी कळवलं तर वर्ग पुढे ढकलता येतो, नंतर कळवलं तर तो झाला असं धरतात.

डेमो आणि त्यानंतर

एका जिमने डेमो मागितला. पहिल्यांदा ठरलेलं असं की जिमचेच पाच ट्रेनर समोर बसतील. तरुण, लवचीक आणि एकमेकांना हसवणाऱ्या ट्रेनरसमोर शिक्षक हमखास अवघड आसनांकडे वळतो आणि कागदावरचा ‘सर्वांसाठी’ वर्ग प्रत्यक्षात दिसतच नाही. तिने आधीच विनंती केली की किमान चार साधे सदस्य, त्यांपैकी एक पन्नाशीपुढचा, बसवावा. मॅनेजरने मान्य केलं. त्या चाळीस मिनिटांत त्याने काय बघितलं हे त्याने नंतर सांगितलं: सुरुवातीला दुखणी विचारली का, हात लावून दुरुस्त करण्यापूर्वी परवानगी घेतली का, मागच्या रांगेतल्या माणसाचं नाव लक्षात राहिलं का आणि वर्ग ठरल्या मिनिटाला संपला का. नटराजासन त्याच्या यादीत नव्हतं.

तीन महिन्यांसाठी आठवड्याचे दोन स्लॉट मिळाले, चार मागितले होते. दुसऱ्या एका जिमने ‘३ महिन्यांत १० किलो’ची ओळ परत घाला म्हटलं, त्यांना तिने नकार दिला.

काम सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात रिसेप्शनजवळ फलक लागला: ‘योग थेरपी तज्ज्ञ आता आपल्या जिममध्ये.’ मजकूर जिमच्या मार्केटिंगवाल्याने स्वतःच लिहिला होता. प्रोफाइलवरून काढलेला शब्द आता तिच्या नावापुढे भिंतीवर होता, आणि सदस्यांनी तक्रार केली असती तर जाब तिलाच द्यावा लागला असता. तिने त्याच दिवशी मॅनेजरला ईमेल केला: माझ्या नावाने जाणारा प्रत्येक फलक आणि पोस्ट छापण्यापूर्वी मला दाखवावी, आणि पात्रतेसाठी फक्त सोबतच्या ओळी वापराव्यात. सोबत तयार मजकूर जोडला: ‘वायसीबी प्रमाणित योग वेलनेस इन्स्ट्रक्टर. सकाळचा हठयोग, मंगळवार व शुक्रवार, ६ ते ७. एका वर्गात १४ सदस्य. रक्तदाब किंवा सांधेदुखी असल्यास पहिल्या वर्गाआधी १० मिनिटं लवकर या.’ दुसऱ्या दिवशी फलक बदलला. हीच अट पुढच्या करारात लेखी घातली, वर्गाच्या फीच्या कलमाखालीच.